साइट प्लॅनवरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर: माझा खुंटांच्या रांगेचा अनुभव

प्रश्न: «यवतमाळजवळच्या आमच्या शेताचा साइट प्लॅन खाजगी सर्व्हेअरकडून करून घेतला आहे. एका कोपऱ्याचा दगड जागेवर आहे, दुसरा सापडत नाही. प्लॅनवरचे बेअरिंग होकायंत्रावर लावून १५० मीटर गेलो, तर बांधाच्या खुणेपासून जवळपास तीन मीटर डावीकडे पोचतो. आपल्याकडे चुंबकीय दिक्पात नगण्य आहे असे सगळीकडे वाचले, मग हा फरक कुठला? प्लॅनच्या कोपऱ्यात ईस्टिंग ८२३ हजारांच्या आसपास लिहिले आहे, त्याचा काही संबंध आहे का?»

शेवटच्या वाक्यात तुम्ही जो आकडा दिला आहे, त्यातच बहुतेक सगळे उत्तर आहे. माझ्या प्लॅनवरही याच घरातला आकडा होता आणि त्याच्याकडे न पाहिल्यामुळे मी कुंपणाचे साठहून अधिक खांब चुकीच्या रेषेत रोवले. आधी स्पष्ट करतो की मी सर्व्हेअर नाही. स्वतःचे नुकसान झाल्यावर हा विषय शिकलेला शेतकरी आहे. होकायंत्राने कायदेशीर हद्द ठरत नाही, ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच ठरते. खाली जे लिहितो आहे ते हरवलेला दगड शोधण्यापुरते आणि आखणीचा अंदाज घेण्यापुरते धरावे.

होकायंत्र कसे धरायचे किंवा बेअरिंग कसे वाचायचे हे तुम्हाला येते असे गृहीत धरतो. खरा गोंधळ असा की आपल्यासमोर तीन उत्तरा असतात आणि इंटरनेटवरची बहुतेक चर्चा त्यांपैकी दोनच सांगते. खरी उत्तर म्हणजे रेखांशाची रेषा ज्या बाजूला उत्तर ध्रुवाकडे जाते ती, आणि चुंबकीय उत्तर म्हणजे सुई दाखवते ती. या दोहोंतला कोन म्हणजे दिक्पात, आणि तो विदर्भात खरोखरच लहान आहे, एक अंशाच्या आत. म्हणून लोक म्हणतात की आपल्याकडे दुरुस्तीची गरज नाही. परंतु साइट प्लॅन यूटीएम, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या चौकोनी जाळीच्या, सहनिर्देशकांत काढलेला असेल, तर त्याच्या उभ्या रेषा खऱ्या उत्तरेकडे जात नाहीत, त्या ग्रिडच्या उत्तरेकडे जातात. आपल्या भागात ही ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेपासून दिक्पातापेक्षा कितीतरी अधिक हटलेली असते. चूक तिथे होते.

यूटीएममध्ये सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखांशावरच ग्रिड उत्तर व खरी उत्तर एक असतात. त्रेचाळिसावा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व असा आहे, त्याचा मध्य ७५. चव्वेचाळिसावा ७८ ते ८४, त्याचा मध्य ८१. मध्य रेखांशापासून जितके दूर जाल तितका दोन्ही उत्तरांमधला कोन वाढतो. या कोनाला कन्व्हर्जन्स म्हणतात. तो काढण्याचे सोपे आणि आपल्या कामाला पुरेसे अचूक सूत्र असे: मध्य रेखांशापासूनचे अंतर अंशांत घ्यावे आणि अक्षांशाच्या साइनने गुणावे. मध्यापासून पूर्वेला असाल तर गुणाकार धन येतो आणि ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला असते. पश्चिमेला असाल तर ऋण.

आता यवतमाळ कुठे आहे ते पाहा. रेखांश साधारण ७८.१० आणि अक्षांश २०.४, म्हणजे ७८ च्या सीमेच्या किंचित पूर्वेला. त्यामुळे इथला पट्टा चव्वेचाळिसावा. कन्व्हर्जन्स काढू: ८१ पासून पश्चिमेला २.९ अंश, अक्षांशाची साइन ०.३४९, म्हणून उणे १.०१ अंश. पण प्लॅन त्रेचाळिसाव्या पट्ट्यात काढला असेल तर ७५ पासून पूर्वेला ३.१ अंश, म्हणून अधिक १.०८ अंश. एकच शेत, एकच खरी उत्तर, पण कोणत्या पट्ट्यात रेखाटले त्यानुसार ग्रिड उत्तर दोन अंशांहून थोडी अधिक फिरते. यवतमाळ आणि अमरावतीच्या सीमेवर ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तुमच्या प्लॅनचा पट्टा ईस्टिंगच्या, म्हणजे पूर्वेकडे मीटरमध्ये मोजलेल्या अंतराच्या, आकड्यावरून ओळखता येतो. प्रत्येक पट्ट्यात मध्य रेखांशाला ५,००,००० मीटर धरलेले असते आणि या अक्षांशावर पट्ट्याच्या दोन्ही कडा त्यापासून साधारण ३,१३,००० मीटर दूर असतात. म्हणून पट्ट्याच्या आत असलेल्या ठिकाणाचे ईस्टिंग साधारण १,८७,००० ते ८,१३,००० यांच्या दरम्यान असले पाहिजे. ८,२३,००० म्हणजे काम शेजारच्या, त्रेचाळिसाव्या पट्ट्याला ताणून केले आहे. योग्य पट्ट्यात याच जागेचे ईस्टिंग १,९७,००० च्या जवळ आले असते. फाइल मिळाली असेल तर त्यात EPSG:32643 किंवा EPSG:32644 असे लिहिलेले असेल. पहिला त्रेचाळिसावा, दुसरा चव्वेचाळिसावा. ताणलेल्या पट्ट्यात काढलेला प्लॅन चुकीचा ठरत नाही, फक्त त्याची उत्तर कोणती हे माहीत असले पाहिजे.

माझे काय झाले ते सांगतो, कारण तुमच्यासारखेच प्रकरण होते. दोनशे मीटरच्या बाजूचा एक दगड काळ्या मातीत गडप झाला होता. प्लॅनवर त्या बाजूचे बेअरिंग ४० अंश होते. दिक्पात नगण्य असे वाचले असल्यामुळे मी होकायंत्रावर थेट ४० लावले आणि रेषा आखली. खात्रीसाठी दुसऱ्या टोकाहून मागे पाहिले, तर २२० आले. पुढचे आणि मागचे बेअरिंग बरोबर १८० अंशांनी जुळले, म्हणून मला वाटले की काही चुकू शकत नाही. तिथेच माझी सर्वांत मोठी चूक झाली. मागच्या बेअरिंगची चाचणी जवळच्या लोखंडाने सुई ओढली जाते का, ते सांगते, आणि तेही दोन्ही टोकांवरचा परिणाम वेगळा असेल तरच. प्लॅनवरून घेतलेला आकडाच वेगळ्या उत्तरेपासून मोजलेला असेल, तर दोन्ही टोकांना तीच चूक येते आणि चाचणी निमूटपणे उत्तीर्ण होते.

नंतर मोजणी आली तेव्हा शेवटचा खांब साडेचार मीटर डावीकडे, शेजाऱ्याच्या शेतात निघाला. त्या रेषेचे खरे बेअरिंग ४०+१.०८, म्हणजे ४१.०८ होते. दोनशे मीटरवर १.०८ अंश म्हणजे जवळपास ३.८ मीटर, उरलेला पाऊण मीटर दिक्पात आणि माझ्या वाचनाची मर्यादा यांतून आला असावा, कारण हातातल्या होकायंत्रावर अर्ध्या अंशापलीकडे वाचता येत नाही. लक्षात ठेवायला सोपे असे की १०० मीटरवर एक अंश म्हणजे १.७५ मीटर. तुमचे तीन मीटर, १५० मीटरवर, हे सुमारे १.१ अंश होतात, म्हणजे त्याच कोनाच्या जवळपास.

खांब रोवण्यापूर्वी मी दोनदा विचारणा केली होती, याचे मला अजूनही वाईट वाटते. प्लॅन करून देणाऱ्यांना आणि त्यानंतर एका कार्यालयाला मी विचारले की बाणाची उत्तर खरी, ग्रिड की चुंबकीय. दोन्हीकडून तेच मिळाले: उत्तर म्हणजे वर, त्यात वेगळे काय. कार्यालयात तर अर्ज लिहून देण्यास सांगितले आणि अर्जाला कधी उत्तर आले नाही. माझे आता ठाम मत आहे की ज्या साइट प्लॅनवर बाणाखाली उत्तर कोणती आणि पट्टा कोणता हे लिहिलेले नाही, त्याचे पैसे पूर्ण देऊ नयेत. दोन ओळी लिहायला काही लागत नाही. काही आराखड्यांत तर चित्र कागदावर नीट बसावे म्हणून ते फिरवून बाण दाखवतात, तोही पाहून घ्यावा.

आता तुम्ही काय करावे. सूत्र असे: होकायंत्रावर लावायचे बेअरिंग = प्लॅनवरचे बेअरिंग + कन्व्हर्जन्स − दिक्पात (पूर्वेकडचा धन, पश्चिमेकडचा ऋण). दिक्पात वर्षानुवर्षे बदलतो, म्हणून जुन्या नकाशाच्या कडेला छापलेला आकडा घेऊ नये, चालू तारखेचा घ्यावा.

मात्र माझी पसंती वेगळ्या रीतीला आहे, कारण तिला तिन्ही उत्तरा वेगळ्या कराव्या लागत नाहीत. प्लॅनवर आणि जमिनीवर खात्रीने सापडतील अशा दोन खुणा घ्या, उदाहरणार्थ दगड आणि विहिरीचा कठडा, शक्यतो १०० मीटरहून अधिक अंतरावर. त्यांच्यामधले बेअरिंग सहनिर्देशकांवरून काढा आणि तीच रेषा होकायंत्राने वाचा. प्लॅनवर ३११ आणि होकायंत्रावर ३१२.३ आले, तर प्रत्येक बेअरिंगमध्ये १.३ मिळवा. त्या एका आकड्यात कन्व्हर्जन्स, दिक्पात आणि यंत्राचा स्वतःचा दोष सगळे येतात. खुणेच्या टोकात ३० सेंटीमीटरची चूक असली तरी १२० मीटरवर ती ०.१४ अंशाचीच होते. विहिरीवर मोटार किंवा लोखंडी जाळी असेल तर तिथे उभे राहू नका. त्याच रेषेत मागे सरकून वाचा, बेअरिंग तेच राहते. खिशातला मोबाइल, गाडी आणि खांबांतल्या सळया यांपासूनही दूर राहा. आपल्याकडचा काळा पाषाण बेसाल्ट आहे, त्यातली चुंबकीय खनिजे सुई ओढू शकतात, म्हणून उघड्या खडकावर उभे राहण्याऐवजी मातीवर, आणि दोन-तीन जागी वाचन घ्यावे.

दुसरी खूण नसेल तर खरी उत्तर सूर्यावरून मिळवता येते. २५ डिसेंबरच्या सुमारास घड्याळी वेळ आणि सौर वेळ यांत फरक राहत नाही, आणि यवतमाळचा रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ पेक्षा ४.४ अंश कमी असल्यामुळे सूर्य १२ वाजून साधारण १८ मिनिटांनी मध्यान्ही येतो. त्या क्षणी ओळंब्याची सावली खऱ्या उत्तरेकडे पडते. मिनिटभर चुकलात तर सावली अंशाचा तिसरा भाग फिरते, एवढे घड्याळ अचूक हवे. मेच्या चौथ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ही पद्धत निरुपयोगी आहे.

विहिरीवरचे वाचन घेतल्यावर जो फरक येईल तो आणि वर काढलेला १.०८ अंश पाहा. दोहोंत दिक्पात धरूनही अर्ध्या अंशाहून अधिक तफावत राहिली, तर आधी जवळचे लोखंड शोधा, आणि तेही नसेल तर विहीर प्लॅनवर चुकीच्या जागी दाखवली आहे का ते सर्व्हेअरला लेखी विचारा.