माउथवॉशमधलं अल्कोहोल, जिभेवरचा थर आणि हिरड्यांतलं रक्त

प्रश्न: अल्कोहोलवाला माउथवॉश चांगला की बिनअल्कोहोलचा? मी वर्षभर रोज दोनदा तो जळजळणारा निळा वापरतोय. तासभर ताजं वाटतं, पण बायको म्हणते वास येतोच. ब्रश करताना कधीकधी रक्तही दिसतं. रोज वापरून खरंच काही फरक पडतो का?

उत्तर:

मी दातांची डॉक्टर आहे, आणि त्यातही हिरड्यांचे आजार हाच माझा विषय. तुम्ही रक्ताचा उल्लेख अगदी शेवटी केलात, पण मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. ते येतं याचा अर्थ दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा थर बसून आहे आणि हिरडी सुजली आहे. हा चिकट थर ब्रशने निघतो. राहून गेला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे कडक होऊन त्याचं कीटण बनतं, आणि मग तो ब्रशनेही निघत नाही, दवाखान्यातच काढावा लागतो. माउथवॉश यातलं काहीच खरवडून काढत नाही. तो थराच्या वरच्या जंतूंना मारतो, नवा थर बसायचा वेग थोडा कमी करतो. शिवाय दात आणि हिरडीच्या मधे जी बारीक फट असते तिच्यात तो जेमतेम शिरतो. ही फट सगळ्यांनाच असते, निरोगी तोंडात साधारण 1 ते 3 मिलिमीटर. हिरडीचा आजार आत सरकला की ती 5-6 मिलिमीटरपर्यंत खोल होते. तिच्या तळाशी जे जंतू असतात त्यांच्यापर्यंत चूळ पोहोचत नाही, मग बाटलीत अल्कोहोल असो वा नसो.

आता अल्कोहोलचं. जळजळतं म्हणजे जंतू मरतायत, असं पेशंट मला नेहमी सांगतात. जंतुनाशक म्हणून अल्कोहोल नीट काम करतं ते साधारण 60-70 टक्क्यांना. माउथवॉशमध्ये ते जास्तीत जास्त 21 ते 27 टक्के असतं. तिथे त्याचं काम वेगळं आहे. थायमॉल, नीलगिरीतलं युकॅलिप्टॉल, मेन्थॉल ही तेलकट द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, ती अल्कोहोलमध्ये विरघळतात. जंतूंवर काम करतात ती ही तेलं. लिस्टरीन 1879 साली तयार झालं तेव्हा ते शस्त्रक्रियेच्या वेळचं जंतुनाशक होतं. तोंडाच्या वासावरचा उपाय म्हणून त्याची धडाक्यात जाहिरात झाली ती 1920च्या दशकात. अल्कोहोल त्याच जुन्या घडणीतून आजच्या बाटलीपर्यंत आलंय. आता ही तेलं दुसऱ्या पद्धतीने विरघळवलेले बिनअल्कोहोलचे प्रकार मिळतात.

म्हणून बाटली उलटी करून अल्कोहोल आहे का हे पाहण्याआधी औषध कोणतं आहे ते पाहा. या तेलांचा माउथवॉश ब्रशच्या जोडीला सहा महिने वापरला तर दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, हे चाचण्यांमध्ये दिसलंय, आणि त्यातल्या बहुतेक चाचण्या अल्कोहोलच्या प्रकारावर झाल्या आहेत. अल्कोहोलच्या बाजूने एवढा मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करते. दुसरं नेहमीचं औषध म्हणजे सिटाइलपिरिडिनियम क्लोराइड, 0.05 ते 0.07 टक्के. त्याला अल्कोहोल लागतच नाही. परिणाम तेलांपेक्षा किंचित कमी, पण आहे. तिसरं क्लोरहेक्सिडीन, 0.12 किंवा 0.2 टक्के, हे सगळ्यांत जोरदार. आणि लेबलवर नुसती पुदिन्याची चव, रंग आणि गोडवा असेल तर त्या बाटलीने तासभर वास झाकला जाईल, एवढंच.

वासाचं मूळही समजून घ्या, कारण तुम्हाला खरा त्रास त्याचा आहे. रोज येणारा वास बहुतेक वेळा तोंडातूनच येतो, पोटातून फार क्वचित. जिभेच्या मागच्या भागावर, जिथे आपला ब्रश सहसा जात नाही, पांढरट-पिवळा थर साठतो. त्यात आणि हिरडीच्या खोल फटीत ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे त्यातले मुख्य. चुळीने काही जंतू मरतात, मेन्थॉलने वास झाकला जातो, पण थर जागेवरच असतो आणि थोड्या वेळात कारखाना पुन्हा सुरू होतो. माउथवॉशमध्ये जस्ताचे क्षार असतील तर ते या वायूंना बांधून ठेवतात, म्हणून वासासाठी जस्त आणि सिटाइलपिरिडिनियम एकत्र असलेला प्रकार मी जास्त पसंत करते. अल्कोहोलमुळे वासाला वेगळा काही फायदा होत नाही.

एका पेशंटची हकीकत सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. पन्नाशीच्या आतबाहेरचे गृहस्थ, दिवसभर लोकांशी बोलायचं काम. दिवसातून तीनदा अल्कोहोलचा माउथवॉश, खिशात लवंग-वेलची, तरी समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो हे त्यांच्या लक्षात आलेलं. तपासलं तेव्हा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाची सलग पट्टी होती. दाढांच्या भोवती फट 5 मिलिमीटर, फट मोजायची बारीक सळई फिरवली की लगेच रक्त. जिभेच्या मागे जाड थर. त्यांच्या तोंडात वास तयार होण्याच्या दोन जागा होत्या आणि चूळ दोन्हीकडे कमी पडत होती.

दोन बैठकांत हिरडीच्या वरचं आणि आतलं कीटण काढलं. घरी करायला तीन गोष्टी दिल्या. रात्री दोन दातांमधल्या फटींसाठीचा छोटा ब्रश, सकाळी टंग क्लीनरने जीभ मागून पुढे हलक्या हाताने साफ करणं, आणि दोन आठवड्यांपुरतं 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन, 10 मिलिलीटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा. वास पहिल्या काही दिवसांतच उतरला, कारण जीभ साफ होऊ लागली. हिरड्यांना वेळ लागला. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक फटी 3 मिलिमीटरवर आल्या होत्या आणि रक्त थांबलं होतं. एका दाढेपाशी 5च राहिली, तिथे पुन्हा आतून साफ करावं लागलं. माउथवॉश तोवर बंद झाला होता आणि पुन्हा सुरू करायची गरज पडली नाही.

दोन आठवडेच का, असं त्यांनीही विचारलं होतं. क्लोरहेक्सिडीन तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि दातांना चिकटून बसतं आणि बारा-बारा तास काम करतं. ताकद त्यामुळेच, आणि त्रासही त्यामुळेच. चहा पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, जेवणाची चव बिघडते, जास्त दिवस वापरलं तर कीटणही वाढतं. हिरड्यांची साधी सूज असलेल्यांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात दातांवरचा थर बराच कमी झालेला दिसला, पण हिरड्यांच्या सुजेतला फरक इतका लहान होता की रोजच्या जगण्यात तो जाणवणार नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पालक, बीट यांतलं नायट्रेट जिभेवरचे काही चांगले जंतू नायट्राइट करतात आणि शरीर ते रक्तदाब आटोक्यात ठेवायला वापरतं. निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडीन वापरलं तेव्हा त्यांचा रक्तदाब थोडा वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं. घाबरण्यासारखं नाही, पण जोरदार जंतुनाशक वर्षानुवर्षं वापरू नये याला हेही एक कारण आहे.

काही जणांनी मात्र अल्कोहोलचा प्रकार टाळावाच. हिरडीच्या किंवा दाताच्या दुखण्यासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर तो वापरू नका, गोळ्या संपल्यावरही काही दिवस नको. तोंड कोरडं पडत असेल, तोंडात फोड येत असतील, दारू सोडलेली असेल, घरात लहान मुलं असतील, तर बिनअल्कोहोलचा घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना कोणताच माउथवॉश देऊ नका, ती गिळतात. गाडी चालवायची असेल तर चूळ भरल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं श्वासाच्या यंत्रात अल्कोहोल दिसू शकतं. कॅन्सरचं म्हणाल तर नुसत्या माउथवॉशमुळे तोंडाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. पण तंबाखू, गुटखा किंवा मिश्री घेणाऱ्याला मी अल्कोहोलचा प्रकार देत नाही. मिश्री लावणाऱ्या बायका मला सांगतात, आमच्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून येत नाही. आतला आजार वाढतच असतो आणि धोक्याची खूण तेवढी नाहीशी होते.

तुमच्यासाठी सांगायचं तर ही बाटली संपेपर्यंत वापरलीत तरी चालेल, पण ब्रश केल्या केल्या नको. ब्रशनंतर टूथपेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं, चुळीने ते धुतलं जातं. दुपारी जेवणानंतर वापरा आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. क्लोरहेक्सिडीन कोणी दिलं तर पेस्ट आणि ते यांच्यात निदान अर्धा तास जाऊ द्या, पेस्टचा फेस त्याचा परिणाम कमी करतो. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश टाळू नका. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून रोज फिरवा आणि जीभ मागपर्यंत साफ करा. वास कमी झाला का हे हाताच्या ओंजळीत श्वास सोडून कळत नाही. जिभेच्या मागच्या भागावर चमचा हलकेच ओढा, काही सेकंद थांबा आणि चमच्याचा वास घ्या. चमच्याला वास असेल तर जीभ अजून साफ होत नाहीये. जीभ साफ आहे तरी वास येतोय, तर हिरड्या, किडका दात, किंवा टॉन्सिलमध्ये अडकणारे पांढरे कण यांपैकी काही आहे का ते तपासून घ्यावं लागेल.

इतकं नीट केल्यावर दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर तिथे कीटण आहे असं समजा आणि दवाखान्यात जाऊन हिरडीची फट मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. नुसतं आरशात बघून "ठीक आहे" असं कोणी म्हटलं तर फट मोजायला सांगा. जमलं तर रक्तातली साखरही एकदा तपासा, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत.