लसीकरणाच्या तक्त्याच्या स्क्रीनशॉटवरून बाळाच्या तारखा आणि चुकलेले डोस कसे काढायचे?

प्रश्न: "व्हॉट्सअॅपवर लसीकरणाच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट आला आहे. आमच्या बाळाच्या जन्मतारखेप्रमाणे त्यातून नेमक्या तारखा आणि रिमाइंडरची यादी कशी करू? मधले एकदोन डोस चुकलेत, ते कसे शोधू?"

मी कोल्हापुरात एका आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या नोंदी ठेवते. असे स्क्रीनशॉट घेऊन आई-वडील रोज येतात, त्यामुळे तुमच्या जागी मी स्वतः काय करेन ते सांगते.

आधी तो तक्ता कुठला आणि कधीचा आहे ते बघा. वर्षानुवर्षं तेच फोटो पुढे ढकलले जातात. सरकारी तक्त्यात नऊ महिन्यांच्या रकान्यात एफआयपीव्ही या पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस नसेल, तर तो 2023 च्या आधीचा आहे. न्यूमोनियाची पीसीव्ही कुठेच नसेल किंवा गोवर-रुबेलाच्या एमआरच्या जागी नुसतं 'गोवर' असेल, तर त्याहून जुना. हेक्साव्हॅलंट, एमएमआर, कांजिण्या, टायफॉइड अशी नावं दिसली, तर तो खाजगी बालरोगतज्ज्ञांचा तक्ता आहे. तोही चुकीचा नाही, पण दोन तक्ते एका यादीत मिसळू नका. बाळाला ज्या ठिकाणी लस देता तिथला धरा. मी खाली सरकारी तक्ता धरला आहे. जेई ही मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच देतात, म्हणून तुमच्या कार्डावर ती ओळ असेल तरच घ्या.

दुसरं म्हणजे स्क्रीनशॉट फक्त 'कोणत्या वयाला काय' एवढंच सांगतो. 'काय दिलं' हे बाळाच्या कार्डावर असतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चुकलेला डोस सापडणार नाही. फोनमधल्या गुगल लेन्सने चित्रातला मजकूर उचलता येतो, छापील तक्त्यासाठी ते ठीक आहे. कार्डावरच्या हाताने लिहिलेल्या तारखा मात्र स्वतः वाचून टाका, तिथे 1 आणि 7 ची हमखास अदलाबदल होते. कार्डाचा फोटो कुठल्याही अॅपमध्ये टाकण्याआधी नाव आणि फोन नंबर कापून टाका.

आता तारखा. आपण बोलताना 'दीड महिन्याची, अडीच महिन्याची, साडेतीन महिन्याची लस' म्हणतो, पण तक्ता आठवड्यांत आहे: 6, 10 आणि 14 आठवडे, म्हणजे जन्मापासून 42, 70 आणि 98 दिवस. महिन्यांनी मोजलं की तारखा सरकतात. नऊ महिने आणि सोळा महिने हे मात्र खरोखर महिनेच आहेत. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असलं तरी मोजणी खऱ्या जन्मतारखेपासूनच होते.

उदाहरण घेऊ. तारखा मी बनवलेल्या आहेत, पण असं कार्ड नेहमी दिसतं. जन्म 12 मार्च 2025, बुधवार. 42 दिवसांनी 23 एप्रिल, 70 दिवसांनी 21 मे, 98 दिवसांनी 18 जून. तिन्ही बुधवारच आले. आठवड्यांनी मोजलं तर वार जन्माचाच येतो, त्यामुळे दुसरा वार आला की हिशेब कुठेतरी चुकला आहे हे लगेच कळतं. नऊ महिने 12 डिसेंबर 2025 ला आणि सोळा महिने 12 जुलै 2026 ला पूर्ण होतात.

या बाळाला पहिले डोस 23 एप्रिललाच मिळाले: ओपीव्ही म्हणजे पोलिओचे थेंब, पेंटा ही पाच आजारांची एकत्र लस, जुलाबाची रोटा, एफआयपीव्ही आणि पीसीव्ही. नंतर आई माहेरी गडहिंग्लजला गेली आणि 21 मे चे डोस 11 जूनला झाले. त्या वयाला ओपीव्ही, पेंटा आणि रोटा एवढेच असतात. आता तिसरे डोस कधी? स्क्रीनशॉटवरून काढलेली यादी 18 जून म्हणेल, पण मध्ये फक्त सात दिवस गेले आहेत. या तिन्ही लसींच्या दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. 11 जूनमध्ये 28 दिवस मिळवले की 9 जुलै येतो, तीच खरी तारीख. म्हणजे प्रत्येक डोसाला दोन तारखा असतात, एक वयावरून आणि एक मागच्या डोसावरून. त्यातली जी नंतरची, ती धरायची. तयार अॅप वापरलंत, तर तेही असंच मोजतं की नुसतं वयावर चालतं हे तपासून घ्या.

इथेच आणखी एक बारकावा आहे. एफआयपीव्ही आणि पीसीव्ही यांना 10 आठवड्यांचा डोसच नाही. त्यांचा दुसरा डोस पहिल्यापासून किमान आठ आठवड्यांनी असतो. 23 एप्रिलमध्ये 56 दिवस मिळवले की 18 जून. जूनमधल्या उशिराचा त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. म्हणून मागचा डोस बघताना वरची ओळ बघायची नाही, त्याच लसीची मागची ओळ बघायची.

गुगल शीटमध्ये हे असं मांडा. जन्मतारीख B1 मध्ये. मग एका ओळीत एक डोस: A मध्ये नाव, B मध्ये वयावरून तारीख, C मध्ये त्याच लसीचा मागचा डोस दिल्याची तारीख, D मध्ये किमान अंतर दिवसांत, E मध्ये ठरलेली तारीख, F मध्ये प्रत्यक्ष दिल्याची तारीख, G मध्ये मुदत असेल तर ती, आणि H मध्ये स्थिती. पेंटाचा पहिला डोस चौथ्या ओळीत आणि दुसरा पाचव्या ओळीत असेल, तर पाचवी ओळ अशी:

```
B5: =$B$1+70
C5: =F4
D5: 28
E5: =MAX(B5,N(C5)+D5)
```

महिन्यांच्या ओळीत B साठी `=EDATE($B$1,9)` असं लिहा. पहिल्या डोसाच्या ओळीत C आणि D रिकामे राहतील. स्थितीसाठी:

```
=IF(F5<>"","दिली",
 IF(AND(G5<>"",TODAY()>G5),"मुदत संपली",
 IF(AND(D5>0,N(C5)=0),"आधीचा डोस बाकी",
 IF(TODAY()>E5+7,"राहिली",
 IF(TODAY()>=E5,"आता","पुढे")))))
```

सात दिवसांची सूट मी यासाठी ठेवली आहे की लसीकरण ठरलेल्या वारीच असतं, एकदोन दिवस पुढे गेलं म्हणून ओळ लाल करू नये. तुमच्या गावात सत्र महिन्यातून एकदा असेल तर तो आकडा वाढवा. 'आधीचा डोस बाकी' ही स्थितीही गरजेची आहे. ती नसेल तर दुसरा डोस चुकलेला असताना तिसराही 'राहिली' दिसतो आणि एकाच भेटीत एकाच लसीचे दोन डोस देता येतील असा समज होतो.

तारखा इंग्रजी आकड्यांत टाका आणि आधी `File > Settings > Locale` मध्ये India निवडा. नाहीतर 12/03/2025 ची 3 डिसेंबर होते. तारीख रकान्याच्या डावीकडे चिकटून दिसली, तर शीटने ती तारीख म्हणून वाचलेलीच नाही. कार्डावरची तारीख टाकल्यावर पहिला पेंटा जन्मापासून 42 दिवसांच्या आत आला, तर बहुधा दिवस-महिना उलटा पडला आहे. पुन्हा कार्ड बघा.

मुदतीचा G रकाना अगदी थोड्या ओळींना लागतो. जन्माच्या वेळची हिपॅटायटिस बी 24 तासांत, ओपीव्हीचा शून्य डोस 15 दिवसांत, बीसीजी एक वर्षाच्या आत. रोटा, पेंटा आणि पीसीव्ही यांचा पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. तो वेळेत मिळाला असेल, तर पुढचे डोस उशीर झाला तरी पूर्ण करता येतात. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात कधीच करायची नसते. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'आता परत पहिला डोस घ्यावा लागेल' या धास्तीने लोक यायचंच टाळतात.

आपल्या उदाहरणात समजा आज 20 ऑगस्ट 2025 आहे आणि 11 जूननंतर काहीच दिलेलं नाही. शीट सांगेल: ओपीव्ही, पेंटा आणि रोटाचे तिसरे डोस 9 जुलैपासून राहिलेत, एफआयपीव्ही आणि पीसीव्हीचे दुसरे 18 जूनपासून. पाचही एकाच भेटीत होतात, दोन फेऱ्यांची गरज नाही. कार्डावर जन्माच्या हिपॅटायटिस बी समोर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तिथे 'मुदत संपली' येईल. पण थांबा. प्रसूती दुसऱ्या दवाखान्यात झाली असेल, तर ती नोंद तिथल्या डिस्चार्ज कार्डावर असते आणि लसीकरण कार्डावर उतरवायची राहून जाते. अशा ओळीला मी F मध्ये काही न भरता शेजारी 'कागद बघा' असं लिहिते. डिस्चार्जचे कागद, खाजगी डॉक्टरांची फाइल आणि लसीकरणाच्या सरकारी यू-विन पोर्टलवर बाळाची नोंद असेल तर तिथली माहिती, एवढं बघून झाल्यावरच ती ओळ चुकलेली म्हणा. तुम्हाला 'बहुतेक दिली होती' असं आठवतं म्हणून मनाने तारीख भरू नका.

रिमाइंडर पुढच्या एकाच भेटीचं लावा. दोन वर्षांच्या सगळ्या तारखा आज कॅलेंडरमध्ये टाकल्यात आणि मधला एक डोस लांबला, तर त्या लसीच्या पुढच्या तारखा चुकतात आणि फोन तरीही जुन्याच तारखेला वाजत राहतो. H मध्ये 'राहिली' किंवा 'आता' आलेले, आणि 'पुढे' असले तरी E मधली तारीख या आठवड्यातली असलेले, असे सगळे डोस एका भेटीत गोळा करा. रिमाइंडरच्या मजकुरात नुसतं 'बाळाची लस' न लिहिता डोसांची नावं लिहा: "पेंटा 3, ओपीव्ही 3, रोटा 3, एफआयपीव्ही 2, पीसीव्ही 2. कार्ड घेणे." एक सूचना दोन दिवस आधी आणि एक त्याच सकाळी. भेट झाली की केंद्रातून निघायच्या आधी F भरा, मग पुढची तारीख E मध्ये आपोआप येते. वरच्या बाळाला 20 ऑगस्टला पाचही डोस मिळाले, तर पुढची भेट 12 डिसेंबर: एमआरचा पहिला, एफआयपीव्हीचा तिसरा, पीसीव्हीचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. पीसीव्ही बूस्टरलाही मागच्या डोसापासून आठ आठवडे हवेत. ते 15 ऑक्टोबरलाच भरतात, त्यामुळे इथे अडचण नाही.

'राहिली' आलेल्या ओळींचा कागद कार्डासोबत सिस्टरना किंवा आशाताईंना दाखवा. काय द्यायचं ते त्याच ठरवतील, विशेषतः बाळ एक वर्षाच्या पुढे गेलं असेल आणि पेंटा सुरूच झाला नसेल तर, कारण मग लसच बदलते. जाताना मूळ कार्ड न्या, फोनमधला फोटो नको. दिलेल्या डोसाची नोंद सिस्टर त्या कार्डावरच करतात आणि तुमचा F रकाना तिथूनच भरायचा आहे.