वारस नोंद: आधी घरटॅक्स, मग नळ, शेवटी लाईट

प्रश्न: बाबा वारले. घर, नळ, लाईट सगळं त्यांच्याच नावावर. माझ्या नावावर कसं करू? लग्न झालेल्या बहिणींच्याही सह्या लागतात का?

लागतात. मी तशीच एक बहीण आहे, म्हणून लिहिते.

आमचे बाबा गेल्यावर दादाने साध्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे दिलं. वारस म्हणून फक्त त्याचं नाव. मासिक सभेत ठराव झाला आणि घरटॅक्सच्या नमुना आठमध्ये बाबांच्या जागी दादा बसला. तो नमुना दाखवून लाईटचं बिलही त्याने नावावर केलं. मी विचारलं तर म्हणाला, "तुले कायले पायजे नाव? तुह्यं लगन झालं ना." माझं जाऊ द्या, आईचं नावही नव्हतं! हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई जिवंत असेल तर तीही, सगळे सारखे वारस.

मी लेखी हरकत दिली, सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची यादी. सचिव म्हणाले, आम्ही कागद पाहून ठराव घेतला. मी पोच घेतली आणि बीडीओंकडे तक्रार टाकली. पुढे ठराव दुरुस्त झाला. नमुना आठमध्ये दोन रकाने असतात, मालकाचा आणि भोगवटा करणाऱ्याचा. मालकात आम्हा सगळ्यांची नावं आली, भोगवट्यात दादाचं, कारण राहतो तोच. तुम्हीही असंच करून घ्या.

घरटॅक्सची बाकी आधी भरा, थकबाकी असली की अर्ज तिथेच अडतो. पाणीपट्टी ग्रामपंचायतीचीच असेल तर नळाचा अर्ज त्याच वेळी द्या. लाईट शेवटी, कारण महावितरणला नवा नमुना आठ, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं ना-हरकत लागतं. बिल एकट्याच्या नावावर असलं तर काही बिघडत नाही, ते वापरणाऱ्याचं असतं. पण बाबांनी भरलेली अनामत रक्कम नव्या नावावर वळती झाली का, ते बिलावर पाहा. शेतातल्या पंपाचं मीटर असेल तर आधी पटवाऱ्याकडे सातबाऱ्यावर वारस चढवा.

दादा अजूनही टॅक्सची पावती दाखवून घर माझं म्हणतो. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही. बहिणीला खरंच हिस्सा सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. नोटरीच्या कागदावर घेतलेली सही तिथे चालत नाही.

मृत्युपत्र असेल तर वाटणी वेगळी होईल. आणि गावठाणाचा सिटी सर्व्हे झाला असेल तर आखीव पत्रिकेवरची नोंद भूमी अभिलेख कार्यालयात वेगळी करावी लागते, ग्रामपंचायतीचा ठराव तिथे आपोआप पोचत नाही.