‘ॲव्हरेज केस’ म्हणजे नेमकी कोणती केस?

प्रश्न: डेटा स्ट्रक्चर्सच्या स्लाइडवर क्विकसॉर्टपुढे ॲव्हरेज केस O(n log n) आणि वर्स्ट केस O(n²) असं लिहिलंय. मर्जसॉर्टपुढे दोन्हीकडे O(n log n) आहे. ही सरासरी कशाची? बेस्ट आणि वर्स्ट मिळवून भागिले दोन का? आणि मराठी नोट्समध्ये ‘सरासरी केस’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: भागिले दोन नक्कीच नाही. सरासरी असते ती यादीच्या सगळ्या शक्य क्रमांवर, प्रत्येक क्रम येण्याची शक्यता सारखीच आहे असं धरून. स्लाइडवर बहुधा हे दुसरं वाक्य गाळलेलं असतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

चार आकडे घेऊन हातानेच मोजू: १, २, ३, ४. क्विकसॉर्टची साधी पद्धत धरू, म्हणजे पहिला आकडा पिव्हट, बाकीच्यांची त्याच्याशी तुलना, लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, मग दोन्ही तुकड्यांवर पुन्हा तेच. चार आकड्यांचे क्रम २४ होतात.

पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर तीन तुलनांनंतर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन आकडे उरतात. त्या दोघांची एक तुलना, एकूण ४. असे क्रम १२. पहिला आकडा १ किंवा ४ निघाला तर तीन तुलना करूनही तिन्ही आकडे एकाच बाजूला पडतात. त्या तिघांत मधला आकडा पुढे असला तर आणखी २ तुलना, नाहीतर ३. म्हणजे ४ क्रमांना ५ तुलना लागतात आणि ८ क्रमांना ६. बेरीज ४८ + २० + ४८ = ११६, भागिले २४, म्हणजे साधारण ४.८३.

आता गंमत बघा. ६ तुलना लागणारा क्रम मी तुम्हाला दाखवू शकतो: १, २, ३, ४ हाच तो. ४.८३ तुलना लागणारा क्रम मात्र कोणीच दाखवू शकणार नाही, कारण तसा क्रमच नाही. वर्स्ट केस ही खरोखरची एक केस असते. ॲव्हरेज केस ही केस नसतेच, ती सगळ्या केसेसवरून काढलेली एक संख्या आहे. म्हणून नोट्समध्ये ‘सरासरी केस’पेक्षा ‘सरासरी वेळ’ किंवा ‘सरासरी तुलना’ लिहा. वर्स्ट केसला ‘वाईटात वाईट केस’ बिनदिक्कत चालेल.

चारच आकडे असताना हा फरक किरकोळ वाटतो. १००० आकड्यांवर या. वाईटात वाईट क्रमाला ४,९९,५०० तुलना लागतात (९९९ + ९९८ + … + १). सर्वांत चांगल्या क्रमाला आठ हजारांच्या आसपास. दोन्ही मिळवून निम्मे केले तर अडीच लाखांच्या वर जातं. खरी सरासरी आहे सुमारे १०,९८६. ती चांगल्या टोकाला इतकी चिकटून का?

पिव्हट अगदी मधोमध पडण्याची गरजच नसते, कारण तेच आहे. आकडे चढत्या क्रमाने लावले आहेत असं समजा. त्यातल्या मधल्या निम्म्या भागातला कुठलाही आकडा पिव्हट झाला, तर मोठा तुकडाही पाऊणपटीपेक्षा मोठा राहत नाही, आणि असा पिव्हट मिळण्याची शक्यता निम्मी आहे. दर वेळी पाऊणपट करत गेलं तर १००० चा १ व्हायला साधारण २४ पायऱ्या लागतात. निम्म्या वेळा पिव्हट वाया गेला असं धरलं तरी पन्नासेक. वाईटात वाईट क्रमात मात्र ९९९ पायऱ्या होतात, कारण तिथे एकेका फेरीत फक्त पिव्हट बाजूला निघतो. त्यासाठी पिव्हट प्रत्येक वेळी उरलेल्यांतला सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठाच निघायला हवा. १० आकड्यांच्या ३६,२८,८०० क्रमांपैकी असे क्रम फक्त ५१२ आहेत, म्हणजे साधारण सात हजारांत एक. यादी वाढेल तसे ते आणखी विरळ होतात.

मर्जसॉर्ट यादी कापतो ती जागा बघून. आत कोणते आकडे आहेत हे तो कापताना बघतच नाही. त्यामुळे तुकडे कायम निम्मे-निम्मे पडतात. जोडताना तुलना थोड्या कमी-जास्त होतात, पण १००० आकड्यांना कितीही वाईट क्रम दिला तरी ८,९७७ च्या पुढे जात नाहीत. क्विकसॉर्ट मात्र कुठे कापायचं ते आकड्याच्या किमतीवरून ठरवतो, म्हणून त्याचं नशीब क्रमाशी बांधलेलं असतं.

मग सात हजारांत एक येणाऱ्या क्रमाची एवढी चर्चा कशाला? कारण प्रत्यक्षातला डेटा चिठ्ठ्या टाकून येत नाही. हजेरीपट रोल नंबरने आधीच लागलेला असतो, व्यवहार तारखेने. नेमका आधीच लागलेला क्रम हाच या साध्या पद्धतीचा वाईटात वाईट क्रम आहे. पायथॉनमध्ये करून बघा:

```python
def qs(a):
    if len(a) <= 1:
        return a
    p = a[0]
    lahan = [x for x in a[1:] if x < p]
    mothe = [x for x in a[1:] if x >= p]
    return qs(lahan) + [p] + qs(mothe)

qs(list(range(2000)))
```

यावर `RecursionError` येते, कारण रिकर्शनची खोली दोन हजारांपर्यंत जाऊ पाहते आणि पायथॉनची नेहमीची मर्यादा १००० असते. तीच यादी `random.shuffle` ने पिसून दिली की निमूट सॉर्ट होते.

इथे ‘सरासरी’चा अर्थ नकळत बदलतो, आणि स्लाइड हे सांगत नाही. यादी आपण पिसली किंवा पिव्हट चिठ्ठी टाकून निवडला, तर सरासरी येणाऱ्या डेटावर राहत नाही, आपल्या चिठ्ठ्यांवर येते. डेटा कोणत्याही क्रमाने येवो, अपेक्षित वेळ n log n च राहतो. याला ‘अपेक्षित वेळ’ असा वेगळा शब्द वापरलेला बरा. वाईटात वाईट वेळ तेव्हाही n² च असतो. फक्त तो ओढवायला आपलंच नशीब फुटावं लागतं, डेटा देणाऱ्याला तो मुद्दाम घडवता येत नाही.

पिसण्यालाही एक मर्यादा आहे. `qs([5] * 2000)` देऊन बघा: पुन्हा तीच एरर. सगळे आकडे सारखे असले तर पिसून क्रम बदलणार काय? वरच्या सगळ्या हिशोबात आकडे वेगवेगळे आहेत हे गृहीत होतं. उपाय म्हणून पिव्हटइतक्याच किमतीचे आकडे तिसऱ्या तुकड्यात ठेवतात आणि त्याला पुन्हा हात लावत नाहीत.

जाता जाता O बद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. O म्हणजे वर्स्ट केस नव्हे. O फक्त सांगतो की अमुक संख्या कितीच्या गतीपेक्षा जास्त वाढत नाही. ती संख्या सरासरीची असेल किंवा वाईटात वाईट वेळेची, O दोन्हीला लावता येतो. म्हणूनच तुमच्या स्लाइडवर तो दोन्ही रकान्यांत आहे.