नव्वद हजारांत एक भारी मशीन की दोन मध्यम?

प्रश्न : बाबा 72 वर्षांचे आहेत. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ऑडिओलॉजिस्टने दोन मशीन सांगितली, 45 हजारांचं एक. ताई म्हणते, त्याच 90 हजारांत एकच पण भारीतलं घ्या. काका म्हणतात, म्हातारपणी एक साधं पुरे. बाबांची पेन्शन 28 हजार, खर्च 22 हजार. पाच वर्षांची 6 लाखांची एफडी आहे, 7 टक्के व्याजाची, दोन वर्षं झालीत. ती मोडावी का? रिपोर्ट जोडला आहे.

उत्तर : एफडी मोडू नका, आणि एक भारी मशीनही घेऊ नका. माझं मत दोन मध्यम मशीनच्या बाजूने आहे, पण एक चाचणी झाल्यावरच. एरवी मी महाग वस्तू दोन-दोन घ्या असं कुणाला सांगत नाही, म्हणून कारण जरा सविस्तर लिहितो.

आधी रिपोर्ट. ऐकू यायला बाबांच्या उजव्या कानाला 50 डेसिबलचा आवाज लागतो, डाव्याला 55. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच उतरलेत. त्याहून महत्त्वाचा आकडा खाली आहे : आवाज पुरेसा मोठा केल्यावर उजव्या कानाला 84 टक्के शब्द बरोबर कळतात, डाव्याला 76. दोन्ही कान कामाचे आहेत. डाव्याचा आकडा 30-40 असता, तर त्या कानात मशीन घालून नुसता आवाज वाढला असता, शब्द नाही. मग मी काकांच्या बाजूने बोललो असतो.

आता दोन कान करतात काय ते पाहा. डावीकडून रिक्षाचा हॉर्न वाजला, तर तो उजव्या कानाशी जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा काढतो. हे मुख्यतः जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांचं. बारीक आवाजांना मधलं डोकंच आडवं येतं. ते वळसा घालून पलीकडे नीट जात नाहीत, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते 15 ते 20 डेसिबलपर्यंत कमी ऐकू येऊ शकतात. एकाच कानात मशीन घातलं, की हा तोल बिघडतो. मशीनचा कान कायम मोठा, म्हणून सगळे आवाज त्याच बाजूने आल्यासारखे वाटतात. माझे सासरे एकच मशीन वापरायचे. कुणी हाक मारली की ते ठरलेल्या बाजूलाच वळायचे, हाक कुठूनही आलेली असो.

दिशा चुकली तर माणूस मान वळवून बघतो. खरा घोळ होतो तो गर्दीत, लग्नाच्या पंगतीत किंवा बँकेच्या काउंटरवर. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा आवाज बारीक, म्हणजे डोक्यामागे अडकणारा नेमका तोच. बाबांच्या उजवीकडे भांड्यांचा खणखणाट आहे, डावीकडे नात बसून बोलते आहे, आणि मशीन फक्त उजव्या कानात आहे. मशीनपर्यंत नातीचं बोलणं डोक्याला वळसा घालून अर्धमुर्धं पोचतं, खणखणाट मात्र थेट. ‘साठ’चं ‘आठ’ होतं ते इथे. दोन्ही कानांत मशीन असेल, तर खणखणाट उजव्या बाजूला राहतो, डावा कान डोक्याच्या आडोशाला असतो, आणि ज्या कानात बोलणं गोंगाटाहून वर आहे त्याचा आधार मेंदू आपसूक घेतो. शिवाय दोन्ही कानांची माहिती जुळवून तो गोंगाट थोडा मागे ढकलतो. ही मदत दोन-तीन डेसिबलचीच असते, पण गोंगाटात वाक्य कळेल की नाही याच्या काठावर एकेका डेसिबलने मोठा फरक पडतो.

ताईच्या पर्यायात अडचण हीच आहे. नव्वद हजारांच्या मशीनमध्ये गोंगाट कमी करणारी चिप चांगली असेल, पण ती बसणार डोक्याच्या एकाच बाजूला. पलीकडच्या बाजूला जे अडलं ते तिच्यापर्यंत नीट आलेलंच नसतं. मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी वयस्कर माणसांना साधी आणि महागडी मशीनं आळीपाळीने महिनाभर वापरायला दिली. दोन्ही कानांत, आणि कोणती कुठली हे न सांगता. 2014 साली त्यांनी निष्कर्ष मांडला : रोजचं बोलणं समजण्यात दोन्हींनी मदत झाली, महागड्यांनी वेगळी जास्त काही नाही.

पण काकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. काही वयस्कर माणसांत दोन कानांची माहिती एकमेकींत मिसळून गोंधळ वाढतो. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात 28 जणांची गोंगाटातली चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या बहुतेकांना एका मशीनने जास्त चांगलं कळलं. एवढ्यावरून सगळ्यांना एकच पुरे असं मी म्हणणार नाही, पण पैसे भरण्याआधी तपासलंच पाहिजे. ऑडिओलॉजिस्टला सांगा : समोरून वाक्यं, बाजूने गोंगाट, आणि तीन फेऱ्या, फक्त उजवं, फक्त डावं, दोन्ही. ‘दोन्ही’चा आकडा चांगल्या एकट्या कानाहून खाली आला, तर एकच घ्या. बरोबरीचा किंवा वर आला, तर जोडी ट्रायलवर घरी न्या. ट्रायल किती दिवसांची, आणि परत केल्यास किती पैसे मिळणार, हे बिलावर लिहून घ्या. पहिल्या दोन दिवसांत बाबा ‘डोक्यात भांडी वाजतात’ म्हणतील. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

आता पैसा. दुसऱ्या मशीनची खरी किंमत किती? आयुष्य पाच वर्षं धरलं, तर 45 हजारांचे महिन्याला 750. त्या पैशांवर बुडालेलं व्याज सुमारे 260. बॅटरी आठवड्याला एक, सहाचं पाकीट 300 रुपयांना धरलं, तर महिन्याला सुमारे 217. एकूण साडेबाराशेच्या आत. बाबांची शिल्लक सहा हजार आहे, म्हणजे हे झेपणारं आहे.

एफडी आज मोडलीत, तर बँकेने 1 टक्का कापला असं धरून दोन वर्षांचे सुमारे 12 हजार जातील. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. दर साधारण एफडीहून 1 टक्का जास्त, म्हणजे 8 टक्के धरा. 90 हजार काढून महिन्याला सहा हजार फेडले, तर सोळा महिन्यांत मिटेल आणि व्याज पाच हजारांच्या आसपास जाईल. बँकेचा नेमका दर आणि कापणीचा नियम आधी विचारून घ्या.

आरोग्यविमा बहुधा मशीनचे पैसे देत नाही. मात्र बाबांचा विमाच नसेल आणि ते जुन्या करपद्धतीत असतील, तर ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चाची 50 हजारांपर्यंतची वजावट आहे. त्यात मशीन बसतं का, हे सीएला विचारा. पैसे रोख देऊ नका, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बिलासोबत ठेवा.

आणि समजा एवढं करूनही 90 हजार जड वाटले, तर याच ऑडिओलॉजिस्टकडे 30 हजारांची जोडी मागून बघा आणि तीच तीन फेऱ्यांची चाचणी तिच्यावर करा. एक 45 हजारांचं घेण्याआधी मी तो पर्याय बघेन.