भाजी नको म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी खणांचं ताट

सुरुवातीला एकच भाजी घ्या, गाजर सोयीचं. अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या साधारण 8 मिनिटं वाफवा आणि बोटांनी दाबून पाहा. सहज चेपल्या पाहिजेत. मग छोट्या साच्याने तारे कापा. कच्च्या चकतीवर साचा चालवला तर ती तडकते, शिवाय कडक गोल तुकडा या वयात घशात अडकू शकतो. फार शिजलं तर ताऱ्याची टोकं गळतात, आणि "तुटलंय" म्हणून ताट सरकवलं जातं.

खणांच्या ताटात बाकी सगळं ओळखीचं, आवडीचं असू द्या. एका खणात फक्त दोन तारे. भाजीचा ढीग दिसला की नकार चाखण्याआधीच येतो.

आता मुलाच्या हातात बोथट टोकांचा छोटा चिमटा द्या आणि त्याला वाढपी करा: वाटीतून प्रत्येकाला एकेक तारा वाढायचा. स्वतःच्या ताटात घ्यायचा की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं. उचलला, हुंगला, चाटून परत ठेवला, तरी त्या दिवसाचं काम झालं. इथेच बहुतेक आईबाबांचा तोल जातो. "आता एक घास खा ना" म्हटलं की खेळाची परीक्षा होते. खाल्ल्यास चॉकलेट, हा सौदाही नकोच. त्याने भाजी शिक्षा ठरते.

एखादी भाजी स्वीकारायला 10-15 वेळा समोर यावी लागते, कधी त्याहून जास्त. तोवर आकार हवा तर बदला, भाजी तीच ठेवा.