सात दिवसांचा पॅक, पण दिवस कुठल्या घड्याळाचे?

प्रश्न : परदेशी जाताना ७ दिवसांचा अनलिमिटेड रोमिंग पॅक घेतला. आपल्या घड्याळानुसार सोमवारी रात्री १० वाजता तो सुरू झाल्याचा मेसेज आला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा ४ तास मागे होतं. आता तिथल्या रविवारी रात्री ९ नंतरच्या डेटाचे वेगळे पैसे लावलेत. शिवाय माझा १८ जीबी रोलओव्हर डेटा शिल्लक होता. हे बिल भरावंच लागेल का?

उत्तर : रोलओव्हरचा मुद्दा सोडून द्या. मागच्या महिन्यातला उरलेला डेटा पुढे येतो तो मूळ प्लॅनच्या कोट्यात, आणि तो कोटा साधारणपणे स्वतःच्या देशातच चालतो. रोमिंगचा हिशेब वेगळा असतो. तक्रारीत हा मुद्दा घातलात, तर कंपनी त्यालाच उत्तर देईल आणि खरा प्रश्न बाजूला पडेल.

खरा प्रश्न व्हॅलिडिटीचा आहे. ७ दिवस म्हणजे १६८ तास धरले, तर पॅक पुढच्या सोमवारी रात्री १० पर्यंत चालायला हवा. कॅलेंडरचे दिवस धरले, तर सोमवारचे उरलेले दोन तासही एक पूर्ण दिवस ठरतात आणि पॅक रविवारी मध्यरात्री संपतो. ती मध्यरात्रही आपल्या घड्याळाची असेल, तर तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे ८ वाजलेले होते. ९ नंतरचा आकार नेमका यातूनच आलेला दिसतो.

म्हणून कंपनीकडे लेखी मागा : पॅक घेतला त्या दिवशी लागू असलेल्या अटी, आणि रोमिंग डेटाचा तपशीलवार हिशेब. त्यातल्या वेळा कुठल्या देशाच्या आहेत, हेही विचारा. परक्या नेटवर्ककडून येणाऱ्या नोंदीत सहसा तिथली स्थानिक वेळ असते, त्यामुळे भले भले गोंधळतात.

अटींत फक्त ‘७ दिवस’ एवढंच असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे करारांच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. पण ‘मूळ देशाच्या वेळेनुसार कॅलेंडर दिवस’ असं खरेदीआधी ठळक दाखवलं असेल, तर मात्र फार ताणू नका.

‘अनलिमिटेड’ शब्दाचाही इथे उपयोग नाही. तो मुदतीच्या आतल्या वापरापुरता असतो. मुदतीतच फेअर युसेजची मर्यादा ओलांडली तर बहुतेक वेळा वेग घटतो, पण काही पॅकमध्ये जादा आकार लागतो. तुमच्या बिलातला आकार त्यातला नाही ना, हे त्याच हिशेबात तपासा.

तोवर बिलातली वाद नसलेली रक्कम मुदतीत भरा आणि उरलेली मान्य नसल्याचं लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. ऑटोपे असेल तर आधी तो थांबवा. नाहीतर पूर्ण बिल खात्यातून कापलं जाईल आणि परताव्यासाठी तुम्हालाच मागे लागावं लागेल.